वस्तीच्या हापशाची वर्गणी मागायचीय? बैठकीत काय बोलायचं, आकडे कसे मांडायचे

हे लिहितोय ते अशा पोरापोरींसाठी ज्यांना वस्तीवर "तू शिकलेला आहेस, तूच बोल" म्हणून पुढे ढकललं जातं. मलाही असंच ढकललं होतं. पहिल्या वेळी मी दहा मिनिटं पाण्याचं महत्त्व सांगत बसलो, पाणी म्हणजे काय हे रोज चार कळशा डोक्यावरून नेणाऱ्या बायांना सांगत होतो, म्हणजे विचार करा. एक आजोबा मधेच उठून म्हणाले, "बाळा, किती द्यायचे तेवढं सांग, म्हशीची धार काढायचीय." माझ्याकडे आकडाच नव्हता. बैठक तिथंच संपली. दुसऱ्या वेळी जमलं, त्याचंच हे सांगतो.

आधी आमची परिस्थिती सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वस्तीवर ४२ घरं. एक सहा इंची बोअर, त्यावर हापसा, आणि त्याच बोअरमध्ये एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर सोडलेली, ती शेजारच्या ५००० लिटरच्या टाकीत पाणी टाकते. सरकारी भाषेत याला दुहेरी पंप योजना म्हणतात, आपल्या राज्यात खूप वाड्यावस्त्यांवर आहे. लाइट असली की टाकीचे नळ, लाइट गेली की हापसा. सोय उत्तम, पण बिघाड दोन प्रकारचे आणि खर्चही दोन प्रकारचे, आणि लोकांच्या डोक्यात मात्र "सरकारनं बसवलंय, सरकार बघेल" एवढंच.

पायरी १: बोलण्याआधी हापसा तपासा

यासाठी मिस्त्री लागत नाही. १५ लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ बस. आपल्याकडचा नेहमीचा हापसा म्हणजे इंडिया मार्क २, त्याच्या दोन साध्या चाचण्या आहेत.

पहिली, पाणी नीट यायला लागलं की बादली लावायची आणि एका मिनिटात ४० वेळा पूर्ण दांडा मारायचा. बादली भरत आली तर ठीक. १० लिटरपेक्षा कमी आलं तर खालच्या सिलिंडरमधले वायसर झिजलेत असं समजायचं. उन्हाळ्यात मात्र ही चाचणी फसवते. बोअरची पातळी सिलिंडरच्या खाली गेली तरी पाणी कमीच येतं, आणि आपण उगाच वायसरला दोष देतो. ओळखायचं असं: तासभर हापसा थांबवा, मोटरही बंद ठेवा, मग मारा. आधी भरभरून आलं आणि थोड्या वेळानं हवा मारत फसफसायला लागलं तर पातळीचा प्रॉब्लेम. पहिल्यापासून बारीक धार असेल तर वायसर.

दुसरी चाचणी जास्त कामाची. पाणी चालू असताना थांबायचं, अर्धा तास कुणालाच हात लावू द्यायचा नाही, मोटर बंद. अर्ध्या तासानं दांडा मारायला घ्यायचा आणि पाणी तोटीतून यायला किती वेळा मारावा लागतो ते मोजायचं. पाच वेळाच्या आत आलं तर हापसा तंदुरुस्त. जास्त लागले तर आतलं पाणी खाली उतरतंय, म्हणजे फूट वॉल गळतोय नाहीतर पाइपाचा एखादा जॉइंट किंवा आटा सडलाय. आमच्याकडे १७ लागले. बादलीला मात्र १३ लिटर आले होते, म्हणजे वायसर बरे होते आणि गळती खाली होती. बायांना हे वर्षभर माहीत होतं, फक्त त्या म्हणायच्या "सकाळी हापसा लई जड जातो, वारंच मारतो". आकडा कुणी काढला नव्हता.

पायरी २: वर्षाचा खर्च एका कागदावर

आमचे आकडे देतो. तुमच्याकडे वेगळे असतील, मोटर वायंडिंगवाल्याला आणि हापसा मिस्त्रीला विचारून स्वतःचे काढा, माझे छापू नका.

मोटर रोज अडीच तास चालते, एक हॉर्सपॉवरला तासाला साधारण एक युनिट जातं, म्हणजे महिन्याला ७५ युनिट, आमचं बिल येतं ७००च्या आसपास. वर्षाचे ८४०० झाले. मोटर चालू-बंद करणाऱ्या पोराला महिन्याला ५००, वर्षाचे ६०००. हे मानधन काढून टाका असं सगळे म्हणतात, पण तो पोरगा नसेल तर मोटर चालूच राहते, बोअरचं पाणी खाली जातं, मोटर कोरडी फिरते आणि जळते. मग वायंडिंग, नवी केबल, मोटर वर काढायची मजुरी, सगळं मिळून आमचे ६००० गेले होते. मोटर तीन वर्षांतून एकदा जळेल असं धरलं तर वर्षाला २००० बाजूला टाकायचे. हापसा वर्षातून एकदा उघडायचा, वायसर, चेनला ग्रीस, बोल्ट आणि मजुरी धरून १८००. पाइप दर वर्षी एखादा बदलावा लागतो, आमच्या हापशाला तीन-तीन मीटरचे १२ पाइप आहेत, त्यासाठी १२००. चौथरा आणि सांडपाण्याची नाली, १०००. चौथरा फुटला की तिथलंच घाण पाणी बोअरच्या कडेनं आत मुरतं, म्हणून हा हजार रुपया कागदावरून कधीच काढू नका.

बेरीज २०,४००.

आता इथं सगळे जी चूक करतात ती म्हणजे याला ४२ नं भागतात. वर्षाला ४८६, महिन्याला चाळीस रुपये, ऐकायला गोड. पण ४२ घरं कधीच देत नाहीत. आमच्याकडे तीन घरात एकट्या म्हाताऱ्या, त्यांच्याकडून घ्यायचं नाही हे आधीच ठरवा. पाच घरं ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत दाराला कुलूप, त्यांच्याकडून अर्धी. उरली ३४. २०,४०० भागिले ३४ म्हणजे बरोबर ६००, महिन्याला ५०. ऊसतोडवाल्यांचे पाच गुणिले ३०० असे १५०० वर राहिले, ती गंगाजळी. चाळीस सांगून नंतर पन्नास मागण्यापेक्षा आधीच पन्नास सांगितलेलं बरं, कारण वर्षाच्या मधे "अजून थोडे द्या" म्हणायला गेलात की लोक पहिला प्रश्न विचारतात, आधीचे कुठं गेले.

पायरी ३: सरकारचं किती आणि आपलं किती, ग्रामसेवकाकडून विचारून या

"सरकारचा हापसा आहे, सरकार दुरुस्त करेल" हे वाक्य बैठकीत येणारच. त्याला भावनिक उत्तर देऊ नका, माहिती द्या. बऱ्याच तालुक्यांत पंचायत समितीकडे हातपंप दुरुस्तीचं पथक असतं आणि ग्रामपंचायत त्यासाठी हापशामागे वार्षिक वर्गणी भरते. ती या वर्षी भरली का, ते विचारा. मोठं काम निघालं तर वित्त आयोगाच्या बंधित निधीतून होईल का, तेही विचारून ठेवा. आणि हापसा ग्रामपंचायतीच्या मालकीचा असतो, त्यामुळे आपण मिस्त्री आणून उघडणार असू तर आधी कळवा, नाहीतर नंतर काही तुटलं की नाव आपलं.

आमच्या वेळी वर्गणी भरलेली होती, तक्रारही दिलेली होती, तरी पथक यायला ११ दिवस लागले. एक गाडी, दोन-तीन माणसं आणि अख्खा तालुका, त्यांनाही किती शिव्या द्यायच्या. ते आले, काम चांगलं केलं. पण ते ११ दिवस पाणी कुठून आणलं हे वस्तीला चांगलं लक्षात आहे. म्हणजे आपली वर्गणी सरकारच्या ऐवजी नाही, त्या ११ दिवसांसाठी आहे, आणि लाइटबिलासाठी. हे असं फोड करून सांगितलं की वाद निम्मा होतो.

पायरी ४: जागा आणि वेळ

बैठक हापशापाशीच घ्या. कुणाच्या अंगणात, ओसरीवर घेतली की काही घरं येत नाहीत, आणि का येत नाहीत ते आपल्या सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. हापसा सगळ्यांचा, तिथं कुणाला निमंत्रण लागत नाही.

वेळ रात्रीची, जेवणं उरकल्यावर. संध्याकाळी सहाला ठेवली तर फक्त पुरुष येतील, आणि पुरुष म्हणतील "चालतंय की हापसा". व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून भागत नाही, बचत गटाच्या बायांना आदल्या दिवशी घरोघर सांगायला लावा. आणि शक्यतो हापसा चालू असताना बैठक घ्या. बंद पडल्यावर घेतली तर पैसे पटकन जमतात हे खरं, पण ते त्या एका दुरुस्तीपुरते जमतात, पाणी आलं की महिन्याचे पन्नास कुणी देत नाही. आमचं एकदा तसंच झालं होतं, आणि वर हिशोबही कुणी दिला नव्हता, त्याचं पुढे येतंच.

पायरी ५: भाषण

सात-आठ मिनिटं, जास्त नाही. खिशात तीन वस्तू: खर्चाचा कागद, जुना झिजलेला वायसर आणि कोरं पावतीपुस्तक. नवा वायसरही मिळाला तर उत्तम, दोन्ही हातात दिले की बोटांना फरक कळतो, जुन्याची कड पातळ झालेली असते. आणि युक्ती अशी की अर्ध्या तासाची चाचणी बैठकीच्या वेळेतच बसवायची. लोक जमायला लागले की पावणेनऊला हापसा थांबवायचा, एका पोराला तिथं उभं करायचं, सव्वानऊला भाषण संपताना सगळ्यांसमोर मारून मोजायचा. मी बोललो ते जवळजवळ असं होतं:

"राम राम मंडळी. साडेनऊला सगळ्यांना मोकळं करतो. पावणेनऊला हापसा बंद केलाय तो मुद्दाम, कुणी हात लावू नका, शेवटी त्याचं काम आहे.

आक्का, तुम्ही मागच्या आठवड्यात म्हणालात सकाळी हापसा जड जातो. काल मी मोजलं. पाणी वर यायलाच १७ वेळा दांडा मारावा लागतो, पाचच्या वर जायला नको. कारण खाली वॉल गळतोय नाहीतर पाइप सडलाय. आज तो जड जातोय, उद्या पाइप तुटून सिलिंडरसकट बोअरमध्ये पडला तर काढायला वेगळी गाडी बोलवावी लागेल.

हा बघा वायसर, हा जुना, हा नवा. फिरवा सगळ्यांच्या हातातून. एवढ्याशा चकतीसाठी आपण मागच्या वर्षी ११ दिवस मळ्यातून पाणी आणलं. पथक आलं नाही असं नाही, आलं, पण त्यांच्या नंबरानं आलं.

आता पैशाचं. लाइटबिल ८४००, मोटर चालवणाऱ्या पोराचे ६०००, मोटर जळाली तर म्हणून २०००, हापसा उघडायला १८००, पाइपाला १२००, चौथरा-नालीला १०००. झाले २०,४००. घरामागे महिन्याला ५०. तीन आज्यांकडून काही घ्यायचं नाही. तोडीला जाणाऱ्यांनी अर्धे. महिन्याला जमत नसेल त्यानं ३००-३०० दोनदा द्या, एक दिवाळीनंतर सोयाबीनचे आले की, एक होळीला.

मामा, तुमच्या घरी बोअर आहे, तुम्ही म्हणाल मी का देऊ. बरोबर आहे. पण मागच्या मे महिन्यात तुमच्या बोअरला पाणी नव्हतं तेव्हा वहिनी इथंच होत्या. आणि तीन दिवस डीपी जळाली होती तेव्हा लाइटशिवाय चालत होतं ते एवढंच.

आता मागच्या वर्गणीचं. तेव्हा २,१०० गोळा झाले, हिशोब कुणी दिला नाही, मीपण विचारला नाही, ती माझीपण चूक. या वेळी पैसे माझ्याकडे राहणार नाहीत. बचत गटातल्या दोन बायांच्या नावानं वही राहील, पावती प्रत्येकाला, आणि दर महिन्याच्या एक तारखेला या टाकीवर खडूनं लिहायचं, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती.

सव्वानऊ झाले. आक्का, या, तुम्हीच मारा. आणि सगळ्यांनी मोठ्यानं मोजा."

मोजणं पंधराच्या पुढे गेलं तेव्हा पोरं हसायला लागली आणि म्हातारे गप्प झाले. १८ला पाणी आलं. त्यानंतर मी एक शब्द बोललो नाही, ते बरं केलं. आपल्याला वाटतं इथं अजून थोडं समजवावं, नका समजवू. सरळ पावतीपुस्तक उघडा.

दोन-तीन गोष्टी भाषणात टाळा. कुणी दिले नाहीत त्याचं नाव घेऊन टोमणा मारू नका, त्याची बायको तिथंच बसलेली असते. शेजारच्या गावाचं कौतुक नको. आणि हापशाचा इतिहास सुरुवातीला नको, जरी तो मला भारी आवडतो: पूर्वी बिडाचे घरगुती पंप गावाला बसवायचे आणि ते अख्ख्या गावाच्या हातानं पटापट मोडायचे, म्हणून जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी पोलादी, मजबूत पंप बनवले, आणि त्याच्यावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं मार्क २ तयार झाला. म्हणजे जगभर गेलेला हा हापसा मूळ आपल्याकडचा. कुणी म्हणालं "एवढा दणकट आहे, त्याला काय होतंय", तर तेव्हा सांगा, की वरचं दणकट आहे ते खरं, झिजतं ते खालचं.

पायरी ६: हरकती

सगळ्यात अवघड हरकत पैशाची नसते, "त्याच्या घरात आठ माणसं, माझ्या घरात दोन, सारखेच पैसे का" ही असते. माणशी वर्गणी लावून बघायचा मोह होतो. माझं मत, लावू नका. पाहुणे, बाळंतपणाला आलेली लेक, शिकायला गेलेला पोरगा, मोजणीतच भांडण लागतं. त्यापेक्षा घरटी सारखी, आणि ज्यांची जनावरं टाकीच्या नळावर पाणी पितात त्यांनी वर्षाला वेगळं काहीतरी ठरवून द्यायचं. आमच्याकडे चार घरांनी नालीचं काम अंगमेहनतीनं करून दिलं, ते चाललं.

दुसरी, "पाइप वाढवा, पाणी आपोआप येईल". उन्हाळ्यात हे कुणीतरी म्हणतंच. मार्क २ साधारण ४५ मीटरपर्यंतच नीट चालतो, म्हणजे १५ पाइप. आमचे १२ आहेत, वाढवले तरी अजून तीन. त्याच्यापुढे दांडा बायांच्यानं ओढला जात नाही आणि चेन-बेअरिंगवर ताण येतो. पातळीच खाली गेली असेल तर मोटरचे तास कमी करणं हाच उपाय, कारण दोन्ही एकाच बोअरमधून पितात. आम्ही मे महिन्यात मोटर सकाळी एक तास आणि संध्याकाळी अर्धा तास ठेवतो, मधल्या वेळेत पाणी वर सरतं आणि हापसा चालतो.

तिसरी, "जो देणार नाही त्याला पाणी बंद करा". टाळ्या पडतील या वाक्याला, पण मान्य करू नका. प्यायचं पाणी आहे, हापसा पंचायतीचा आहे, आणि दांड्याला कुलूप लावलं की पहिलं कुलूप रात्रीतून तुटतं आणि दुसरा हापसाच. टाकीवर देणाऱ्यांची नावं लिहा, न देणाऱ्यांची नाही. यादी वाचणाऱ्याला आपलं नाव कुठं नाही ते दिसतं.

पायरी ७: त्याच रात्री काय करायचं

पहिल्या महिन्याचे पन्नास तिथंच घ्या, उद्यावर गेलं की अर्धे गळतात. ऑनलाइन पाठवतो म्हणणाऱ्यांना वही सांभाळणाऱ्या बाईचाच नंबर द्या, तुमचा नाही. मिस्त्रीची तारीख जाहीर करून टाका, आणि पाइप वर ओढायला पाच गडी लागतात त्यांची नावंही तिथंच लिहून घ्या. पाइप वर आले की आटे बघा, गंजून कागदासारखे पातळ झालेले बाजूला ठेवा, सगळेच बदलायची गरज नसते. काम झाल्यावर ब्लीचिंग टाकायचं ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून, प्रमाण तोच सांगेल, आणि त्या दिवशीचं सुरुवातीचं पाणी प्यायला घ्यायचं नाही हे बायांना आधीच कळवा.

आमचं पहिलं वर्ष कसं गेलं ते खरं सांगतो. ३४ पैकी चार घरांनी दिलेच नाहीत. जमा झाले ३० घरांचे १८,००० आणि ऊसतोडवाल्यांचे १५००, म्हणजे १९,५००. कागदापेक्षा ९०० कमी. त्या वर्षी मोटर जळाली नाही, म्हणून मोटरसाठी ठेवायच्या २००० मधून ते गेले आणि ११०० शिल्लक राहिले. हेही टाकीवर लिहिलं, ९०० कमी पडले असंच लिहिलं. दुसऱ्या वर्षी चारातल्या दोघांनी न मागता दिले, दोघं अजून देत नाहीत, त्यातले एक मामाच आहेत. मिस्त्रीनं फूट वॉल आणि एक पाइप बदलला होता, परवा अर्धा तास थांबवून मोजलं तर तिसऱ्या दांड्याला पाणी आलं.